अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण आहे, मग वजन जातं कुठे?

अंतराळवीर स्थानकात तरंगत असल्याचे व्हिडिओ आता सगळ्यांनी पाहिले आहेत. हातातून सोडलेला चमचा हवेतच थांबतो, सांडलेल्या पाण्याचा लोंबता गोळा होतो, बोटाच्या टोकाने भिंतीला रेटलं की माणूस सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. हे बघून बहुतेकांना एकच अर्थ लागतो: तिथे गुरुत्वाकर्षण नसणार. बातम्यांमध्येही ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ हे शब्द सर्रास येतात, त्यामुळे तो समज आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक ज्या उंचीवर फिरतं, तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास ८९ टक्के असते. म्हणजे ती फारशी कमी झालेलीच नाही. मग माणूस तरंगतो कसा, हा खरा प्रश्न आहे.

४०० किलोमीटर म्हणजे फार दूर नव्हे

गुरुत्वाकर्षणाचं अंतर मोजायचं ते पृथ्वीच्या पृष्ठभागापासून नाही, तर केंद्रापासून. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. आपण जमिनीवर उभे असतो तेव्हा केंद्रापासून सुमारे ६,३७१ किलोमीटरवर असतो. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे केंद्रापासून ६,७७१ किलोमीटरवर. अंतर वाढलं ते फक्त सहा टक्क्यांनी. ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल समोर ठेवला, तर स्थानकाची जागा त्याच्या पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरही वर येत नाही.

अंतर दुप्पट झालं की ओढ एक चतुर्थांश होते, तिप्पट झालं की एक नवमांश. या नियमाने सहा टक्के अंतरवाढीचा हिशेब केला, तर ओढ साडेअकरा टक्क्यांनी घटते. जमिनीवर पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढतो, ४०० किलोमीटरवर तो ८.७ ने वाढतो. वेग वाढण्याच्या या दरालाच त्वरण म्हणतात.

समजा, ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला आणि त्याच्या माथ्यावर वजनकाटा ठेवला. जमिनीवर ६० किलो भरणारा माणूस त्या काट्यावर ५३ किलो भरेल. तो तिथे नेहमीसारखा उभा राहील, चालेल, आणि कठड्यावरून पाय घसरला तर थेट खाली पडेल. त्याच वेळी स्थानक बाजूने सुसाट निघून गेलं, तर आतली माणसं मात्र तरंगत असतील. दोघांची उंची तीच, पृथ्वीची ओढही तीच. म्हणजे कारण उंचीत नाही.

वजनकाटा मोजतो तरी काय?

काट्यावर उभं राहिलं की पृथ्वी आपल्याला खाली ओढते आणि काटा आपल्याला वर रेटून धरतो. काट्यावर दिसणारा आकडा या वरच्या रेट्याचा असतो, ओढीचा नाही. आपल्याला जाणवणारं वजनही तेच: तळपायांना जमिनीचा रेटा, बसल्यावर खुर्चीचा रेटा, आणि शरीराच्या आत प्रत्येक भागाला त्याच्या खालच्या भागाने दिलेला आधार. गुरुत्वाकर्षण शरीराच्या कणाकणाला सारखंच ओढतं, त्यामुळे निव्वळ ओढ कधी जाणवत नाही. जाणवतो तो ओढीला होणारा अडथळा. संपूर्ण विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे, पुढचं सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आता हाच वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवू. लिफ्ट थांबलेली असताना, किंवा एकसारख्या वेगाने खाली किंवा वर जात असताना, काटा ६० किलोच दाखवतो. लिफ्ट खाली जायला सुरुवात करते तेव्हा क्षणभर तिचा वेग वाढत असतो. तो दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंदाने वाढत असेल, तर काटा सुमारे ५४ किलो दाखवेल. पृथ्वीने ओढ कमी केलेली नाही. काटाच पायांखालून थोडा थोडा निसटतोय, म्हणून त्याचा रेटा घटलाय. लिफ्टचे दोर आणि सगळे ब्रेक सुटले आणि ती पूर्ण ९.८ च्या त्वरणाने पडू लागली, तर काटा आणि माणूस सारख्याच वेगाने खाली जातील. काट्यावर दाब द्यायला काही उरणार नाही आणि तो शून्य दाखवेल. खिशातली किल्ली काढून हवेत सोडली, तर तीही बरोबरीने पडत असल्यामुळे डोळ्यांसमोर तरंगताना दिसेल.

अशा पडण्याला मुक्तपतन म्हणतात: ज्यात गुरुत्वाकर्षणाशिवाय दुसरं कोणतंही बल वस्तूवर काम करत नाही, ती हालचाल. मुक्तपतनात जड आणि हलकं सगळं एकाच दराने पडतं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून हे कॅमेऱ्यासमोर दाखवलं. हवेचा अडथळा नसल्यामुळे दोन्ही एकदमच जमिनीवर टेकले. लिफ्ट, काटा, माणूस आणि किल्ली यांच्यात कोणी मागे किंवा पुढे राहत नाही ते याचमुळे, आणि एकमेकांच्या दृष्टीने ते सगळे स्थिर असतात.

अवकाशस्थानक ही अशीच पडणारी लिफ्ट आहे. तिच्यात एकच गोष्ट वेगळी: ती जमिनीवर कधी आदळत नाही.

पडतं, तर मग खाली का येत नाही?

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका सेकंदाच्या हिशेबात मिळतं.

स्थानकाचा आडवा वेग सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर आहे, तासाला जवळपास २७,६०० किलोमीटर. एक सेकंद घेऊ. पृथ्वीने ओढलंच नसतं, तर स्थानक या सेकंदात सरळ रेषेत ७,६७० मीटर पुढे गेलं असतं. पण पृथ्वी ओढते, आणि ८.७ च्या त्वरणाने पहिल्या सेकंदात कोणतीही वस्तू त्याच्या निम्मं, म्हणजे ४.३४ मीटर पडते. स्थानकही सरळ रेषेच्या ४.३४ मीटर खाली येतं. दीड मजल्याइतकं हे पडणं खरंखुरं आहे.

आता पृथ्वीकडे बघू. ती गोल आहे, त्यामुळे सरळ पुढे जाणाऱ्याच्या खालून तिचा पृष्ठभाग वळत वळत दूर जातो. केंद्रापासून ६,७७१ किलोमीटरवरच्या वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या रेषेवर ७,६७० मीटर पुढे गेलं, की ती रेषा वर्तुळापासून किती वर येते? अंतराचा वर्ग करायचा आणि त्रिज्येच्या दुपटीने भागायचं. उत्तर येतं ४.३४ मीटर.

दोन्ही आकडे सारखे आले. स्थानक सेकंदात जितकं पडलं, तितकीच त्याच्या खालची वक्र वाट खाली गेली, म्हणून उंची होती तेवढीच राहिली. पुढच्या सेकंदाला हाच हिशेब पुन्हा, आणि असं करत ९२ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी. दिवसाला अशा साडेपंधरा फेऱ्या होतात. कक्षा म्हणतात ती हीच: जमीन गाठता न येणारं पडणं.

आकडे जुळले हा योगायोग नाही. स्थानकाला तिथे नेताना हाच वेग साधायचा असतो. रॉकेटची बहुतेक ताकद उंची गाठण्यापेक्षा हा आडवा वेग मिळवण्यात खर्च होते. नुसतं सरळ वर ४०० किलोमीटर जाऊन इंजिन बंद केलं, तर यान तिथे थांबणार नाही. ते पाचेक मिनिटांत वातावरणात परत येऊन पडेल. आत बसलेल्यांना त्या पाच मिनिटांतही तरंगल्यासारखं वाटेल, पण नंतर जमीन आहेच.

‘बाहेर फेकणारं बल ओढीला रद्द करतं’ हे म्हणणं कितपत बरोबर?

शाळेत अनेकांनी हे स्पष्टीकरण ऐकलेलं असतं: फिरणाऱ्या वस्तूवर बाहेरच्या दिशेने केंद्रोत्सारी बल लागतं, ते गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतं, म्हणून वजन शून्य. स्थानकाबरोबर फिरणाऱ्या चौकटीत बसून गणित केलं, तर असं एक बल हिशेबात धरावं लागतं आणि उत्तर बरोबर येतं. पण कारण म्हणून ते दिशाभूल करतं. बाहेरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने स्थानकावर एकच मोठं बल आहे, पृथ्वीची ओढ. ती खरोखर रद्द झाली असती, तर स्थानक वळलंच नसतं. ते सरळ रेषेत निघून गेलं असतं.

याहून भक्कम पुरावा असा, की अजिबात न फिरताही वजन शून्य होतं. जर्मनीत ब्रेमेन इथे एक पतन-मनोरा आहे. त्याच्या आतल्या नळीतली हवा उपसून काढतात आणि प्रयोगाची कुपी ११० मीटर उंचीवरून सोडतात. कुपी सरळ खाली येते, कशाभोवती फिरत नाही. तळाशी थर्मोकोलच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या टाकीत ती शिरते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे १६७ किलोमीटर असतो. त्याआधीचे ४.७४ सेकंद कुपीतल्या प्रत्येक वस्तूचं वजन शून्य असतं, तेही पृथ्वीच्या पूर्ण ओढीत, जमिनीला लागून.

माणसांसाठी हेच काम विमान करतं. वैमानिक आधी नाक जोरात वर उचलतो. तेव्हा आतल्यांना आपलं वजन जवळपास पावणेदोनपट झाल्याचं जाणवतं. मग तो इंजिनाचा जोर इतकाच ठेवतो, की हवेचा अडथळा तेवढा भरून निघावा, आणि पंखांची उचल काढून घेतो. त्या घटकेपासून विमान वर फेकलेल्या दगडासारखं जातं: चढतं, माथा गाठतं, उतरतं. सुमारे २२ सेकंद आतली माणसं तरंगतात. तरंगणं सुरू होतं ते विमान अजून वर चढत असतानाच, ही गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. मुक्तपतन म्हणजे खाली जाणंच असं नाही, कशाचाही आधार नसणं हे त्यातलं महत्त्वाचं. त्या उंचीवर गुरुत्वाकर्षण ९९ टक्क्यांहून जास्त असतं.

हवा नाही म्हणून तर नव्हे?

नाही. स्थानकाच्या आत समुद्रसपाटीवर असतो तेवढ्याच दाबाची हवा भरलेली असते, तरी माणसं तरंगतात. उलट चंद्रावर हवा नाही, तरी तिथे उतरलेले अंतराळवीर जमिनीवर चालले, कारण चंद्राची जमीन त्यांना आधार देत होती. हवेचा आणि वजनाचा थेट संबंध नाही.

सतत पडत असतील, तर पोटात गोळा का येत नाही?

लिफ्ट सुटताना पोटात गोळा येतो तो वजन बदलण्याच्या क्षणी. आतड्यांना, जठराला खालून मिळणारा आधार एकाएकी कमी होतो आणि शरीर तो बदल टिपतं. प्रक्षेपणाच्या वेळी हा क्षण येतो तो इंजिन बंद होताना. तोवर अंतराळवीर वजनाच्या तीन-चारपट दाबाने आसनात रुतलेले असतात आणि दुसऱ्याच क्षणी काहीच नसतं. अनेकांना तेव्हा आपण पुढे कोलांटी खातोय असं वाटतं. त्यानंतर महिनोन् महिने काही बदलत नाही, म्हणून पडण्याची ती जाणीवही टिकत नाही. शिवाय कानाशी वारा नसतो आणि खिडकीतून दिसणारी जमीन जवळ येत नाही.

आतला कान मात्र गोंधळतो. त्यात चुनखडीसारख्या क्षाराचे सूक्ष्म खडे असतात. ते खाली दाबले जातात म्हणून मेंदूला ‘खाली’ कळतं. मुक्तपतनात खडे कुठेच दाबत नाहीत. डोळे सांगतात ‘मी भिंतीला पाय लावून आहे’, कान काहीच सांगत नाही, आणि या विसंगतीमुळे निम्म्याहून अधिक अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. पुढे मेंदू कानाचं म्हणणं बाजूला ठेवून डोळ्यांवर भिस्त ठेवायला शिकतो.

मग वजन अगदी शून्य असतं का?

अगदी नाही. शास्त्रज्ञ ‘शून्य’ न म्हणता सूक्ष्मगुरुत्व म्हणतात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखांश-दशलक्षांश भागाइतकं उरलेलं जाणवणारं वजन. त्याचं एक कारण फार सुंदर आहे.

वरचा हिशेब तंतोतंत लागू पडतो तो स्थानकाच्या वस्तुमानमध्याला, म्हणजे ज्या बिंदूभोवती त्याचं सगळं वस्तुमान तोललेलं आहे त्या बिंदूला. त्या मध्यापासून पाच मीटर वर, पृथ्वीपासून थोडं दूर, चमचा धरला आहे असं समजू. तिथे ओढ किंचित कमी आहे. पण स्थानकाबरोबर बांधलेला असल्यामुळे तो चमचा ९२ मिनिटांतच फेरी मारतोय, आणि त्या मोठ्या वर्तुळाला ही गती जरा जास्त पडते. हात सोडला की चमचा हळूहळू बाहेरच्या दिशेला, म्हणजे वर, सरकू लागतो. पहिल्या मिनिटात तो साधारण साडेतीन सेंटिमीटर जातो. मध्यापासून पाच मीटर खाली सोडलेला चमचा तितकाच खाली जातो. व्हिडिओत हे सहसा दिसत नाही, कारण क्लिप काही सेकंदांची असते आणि आत खेळत्या ठेवलेल्या हवेचा झोत वस्तूंना त्याआधीच हलवतो. परिपूर्ण स्फटिक वाढवायचे असतील किंवा ज्योतीचा अभ्यास करायचा असेल, तर प्रयोगाची जागा ठरवताना हे लक्षात घ्यावं लागतं.

दुसरं कारण हवेचं. ४०० किलोमीटरवरही वातावरणाचा अतिविरळ अंश असतो. तो स्थानकाला रोखतो आणि ते महिन्याला साधारण दोन किलोमीटर खाली सरकतं. म्हणून अधूनमधून इंजिनं चालवून ते वर उचलतात. ती काही मिनिटं स्थानक मुक्तपतनात नसतं. आत सोडलेल्या वस्तू मागच्या भिंतीकडे सरकू लागतात. खरं तर वस्तू होत्या तशाच जात असतात, भिंत त्यांच्याकडे येत असते.

वजन गेलं, वस्तुमान जागेवर आहे

स्थानकात शंभर किलोची पेटी एका बोटाने हलवता येते, पण ती झटक्यात थांबवता येत नाही. वस्तुमान म्हणजे हालचालीतल्या बदलाला होणारा विरोध, आणि तो कुठेही गेला तरी बदलत नाही. सरकत आलेली पेटी आणि भिंत यांच्यामध्ये हात सापडला, तर बोटं चिरडतील. म्हणून जड सामान हळू हलवायचं आणि थांबवायची जागा आधी ठरवायची, असं प्रशिक्षणात शिकवतात.

अंतराळवीरांचं वस्तुमान नियमित तपासावं लागतं, कारण तिथे स्नायू आणि हाडं झिजतात. काट्यावर उभं राहून ते कळणार नाही. त्यासाठीच्या यंत्रात अंतराळवीर एका सरकत्या भागाला घट्ट धरून राहतो आणि स्प्रिंग त्याला ठरावीक बलाने ओढते. किती झपाट्याने वेग वाढला ते मोजायचं आणि बलाला त्या त्वरणाने भागायचं. ६० न्यूटन बलाने वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद वाढला, तर वस्तुमान ६० किलो. यात चूक होते ती अंग सैल सोडल्यामुळे. हात-पाय किंवा पोटाचा भाग मागे राहून हेलकावला, की आकडा बिघडतो. म्हणून शरीर आखडून, यंत्राला चिकटून राहावं लागतं आणि मोजमाप पुन्हा पुन्हा घेऊन सरासरी काढतात.

परतताना वजन कधी येतं?

पृथ्वीजवळ येताना गुरुत्वाकर्षण वाढतं म्हणून वजन परत येतं, असा एक समज आहे. सोयुझ यानाच्या परतीचा क्रम पाहिला की तो टिकत नाही.

स्थानकापासून सुटल्यावर यान उलटं वळतं आणि इंजिन सुमारे पावणेपाच मिनिटं चालवतं. त्याने वेग सेकंदाला साधारण १२८ मीटरने कमी होतो. ७,६७० मधून १२८, म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. पण तेवढ्याने वरचा ४.३४ मीटरचा जमाखर्च बिघडतो. आता यान दर सेकंदाला वाट वळते त्यापेक्षा थोडं जास्त पडतं आणि त्याचा मार्ग वातावरणात शिरतो. इंजिन चालू असताना ६० किलोच्या माणसाला आसनावर जेमतेम तीन किलोचा दाब जाणवतो. इंजिन थांबलं की पुन्हा तरंगणं, साधारण अर्धा तास. या काळात यान ४०० किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर येतं, गुरुत्वाकर्षण ८९ टक्क्यांवरून ९७ टक्क्यांवर जातं, आणि आतल्यांना त्यातलं काहीच जाणवत नाही. पेन तसाच हवेत लोंबत असतो.

मग हवा दाटू लागते. ती यानाला रोखते, यान आसनाला, आसन माणसाला. पेन हळूच मांडीवर येऊन टेकतो आणि काही मिनिटांत अंगावरचा दाब नेहमीच्या वजनाच्या सुमारे चौपट होतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २४० किलो. गुरुत्वाकर्षण तेव्हाही जमिनीपेक्षा किंचित कमीच असतं. चौपट वजन दिलं ते हवेच्या अडथळ्याने. यान जमिनीवर टेकल्यावर आकडा ६० वर येतो, पण अनेक महिने रक्त वर ढकलण्याची सवय सुटलेल्या शरीराला तोही जड जातो. उभं राहताच रक्त पायांत उतरून भोवळ येते. त्यामुळे पाय आणि पोट आवळून धरणारे कपडे त्यांना आधीच घातलेले असतात, आणि बाहेर काढून पहिला काही वेळ त्यांना आरामखुर्चीत बसवून ठेवतात.